गोधडीबाहेरचा पाय, बाजेखालचा पाय

पावसाळ्यात पायाच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून सोलते, तिला आपल्याकडे चिखल्या म्हणतात. टाचा फुटल्या की त्या भेगा. पण मार्गशीर्ष-पौषात पायाची बोटे लाल-जांभळी होऊन सुजतात, रात्री खाजतात, ठणकतात, त्या दुखण्याचे वेगळे नाव मी नांदेड-लातूरच्या एकाही गावात ऐकलेले नाही. ‘चिलब्लेन’ हा इंग्रजी शब्द डॉक्टरांच्या चिठ्ठीतून बाहेर पडलाच नाही. पेशंट सांगतो ते एवढेच: “थंडीनं बोटं सुजल्यात.” हे वाक्य ऐकले की मला आजही थोडी धास्ती वाटते. कारण तेच वाक्य दोन अगदी वेगळी माणसे बोलतात. एकाची बोटे होळीच्या आत आपोआप बरी होणार असतात. दुसऱ्याच्या पायाकडे जाणारे रक्तच कमी होत चाललेले असते, आणि बोट जाण्याआधी त्याच्या हातात फार तर काही आठवडे असतात. दोघेही थंडीला दोष देतात, आणि घरचेही त्यांना एकच सल्ला देतात: शेक घे.

या पुस्तिकेचे लेखक माझे दोन तरुण सहकारी आहेत, एक त्वचारोगाचे आणि एक सर्जरीचे. त्यांनी ती आशाताई, गावातले डॉक्टर आणि घरातली शिकलेली मुले यांच्यासाठी लिहिली आहे. प्रस्तावनेत मी पुस्तिकेचा सारांश देणार नाही. मला ज्या एका गोष्टीने हा फरक शिकवला, ती सांगतो.

आधी थंडीविषयी. मराठवाडा म्हटले की बाहेरच्या माणसाला उन्हाळा आणि दुष्काळ आठवतो. पण शेजारच्या परभणीत, कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत, 2018 च्या डिसेंबरअखेर पारा 2 अंशांवर आला होता. लातूर बालाघाटाच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून 600 मीटरांहून उंचावर आहे, तिथली पहाट बोचरीच असते. नांदेड गोदेकाठी, थोडे खाली, तरी तिथेही पौषात हुडहुडी भरते. मुख्य म्हणजे चिलब्लेनला बर्फ लागतच नाही. बर्फाने कातडी गोठते तो हिमदंश, तो वेगळा. चिलब्लेन होतो तो शून्याच्या वर आणि साधारण पंधरा अंशांच्या खाली, आणि त्यातही हवा किंवा पाय ओला असेल तर. इंग्लंडमधल्या ओलसर, नीट न तापणाऱ्या घरांतला हा जुना ओळखीचा आजार आहे.

ओला पाय आणि आठ-दहा अंशांची रात्र हा योग आपल्याकडे रब्बीत जुळून येतो. शेतीची थ्री फेज लाईट रात्रीची असली की माणूस बारा वाजता गव्हाला किंवा हरभऱ्याला पाणी द्यायला निघतो. दारे धरताना तो घोटाभर पाण्यात उभा असतो. आपली काळी माती अशी की ती पायाला लपेटून बसते आणि पाणी सोडत नाही. बांधावर येऊन पाय झटकले तरी बोटांवर थंडगार चिखलाचा थर तसाच राहतो. पहाटे पाच वाजता हौदाच्या पाण्यात कपडे, भांडी करणाऱ्या बायकांचे पायही तासभर तसेच ओल्या फरशीवर असतात.

आता ती दोन माणसे. ओळख पटेल असा तपशील गाळून सांगतो.

पहिली लातूर तालुक्यातली, बावीस वर्षांची, अंगाने बारीक, लग्न होऊन वर्ष झालेली. येळवशीच्या आठवड्यात आली. दोन्ही पायांची मिळून पाच बोटे सुजलेली, वरच्या बाजूने आणि कडेने चकचकीत, जांभळट. दुसरा नांदेड जिल्ह्यातल्या डोंगराळ भागातला, छत्तीस वर्षांचा शेतकरी. डाव्या पायाचे एकच बोट, अंगठ्याशेजारचे, सुजलेले आणि लालसर-काळे. दोघेही म्हणाले, थंडीने. दोघेही म्हणाले, रात्री जास्त ठणकते. दिवसभराच्या गर्दीत दोघांनाही एकच मलम लिहून दिले गेले असते.

मी दोघांना विचारले, “रात्री ठणकायला लागलं की तुम्ही काय करता?”

ती म्हणाली, “वाकळीत पाय गरम झाला की अशी खाज सुटते की पाय बाहेर काढून ठेवते.” तो म्हणाला, “बाजेवरनं पाय खाली सोडून बसतो. मग जरा कमी होतं. कधी कधी बसूनच झोपतो.”

या दोन उत्तरांत दोन आजार वेगळे झाले. पुढची तपासणी हे उत्तर पक्के करण्यासाठी होती. म्हणून हा प्रश्न आशाताईंनी पाठ करावा असे मला वाटते. एकाला ऊब सोसत नाही, दुसऱ्याला आडवे पडणे सोसत नाही.

तिचे असे का होते? गारठ्यात शरीर आधी काळीज, फुप्फुसे, मेंदू यांची ऊब राखते. त्यासाठी हातापायांच्या कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या आवळून घेते. सगळ्यांच्याच पायात असे होते, पण काहींच्या बोटांत या वाहिन्या जास्त जोरात आणि जास्त वेळ आवळतात. बारीक अंगाच्या तरुण मुलींत हे अधिक दिसते. मग ती घरात येते, चुलीपुढे बसते किंवा गोधडीत शिरते. रक्त आणणाऱ्या वाहिन्या चटकन उघडतात, परत नेणाऱ्या मात्र हळू. आत आलेल्या रक्ताला बाहेर जायला वाट अपुरी पडते, त्यातले पाणी कातडीत झिरपते आणि बोट सुजते. खाज, आग आणि लाली येते ती उबेत. म्हणूनच सूज पाण्यात उभे असताना दिसत नाही. ती बारा ते चोवीस तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उमटते, आणि मग तिचा पहाटेच्या हौदाशी काही संबंध आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. एकेक चट्टा एक ते तीन आठवडे राहतो आणि जातो. थंडी चालू असेल तर नवा उमटतो.

त्याचे असे का होते, ते अगदी वेगळे. त्याच्या पावलाकडे येणाऱ्या धमन्याच आत अरुंद होऊन तुंबल्या होत्या. आडवा झाला की रक्ताला बोटापर्यंत ढकलायला फक्त हृदयाचा दाब उरतो, आणि वाटेतल्या अडथळ्यावर तो पुरत नाही. पाय खाली सोडला की रक्ताचे वजन मदतीला येते, थोडे रक्त बोटात उतरते, वेदना निवळते. उतरलेले ते रक्त ताणून सैल पडलेल्या बारीक वाहिन्यांत साचते, आणि पाय लाल दिसतो.

नेमकी ही लाली फसवते. रक्त कमी पडलेला पाय पांढरा आणि थंड असेल असे आपण धरून चालतो. पण पेशंट खुर्चीवर पाय सोडून बसलेला असतो, आणि तसा पाय लालबुंद असू शकतो. डॉक्टर लाली बघून सूज म्हणतो, थंडी म्हणतो, जंतुसंसर्ग म्हणतो. खरे काय ते कळायला पेशंटला आडवे करावे लागते. मी त्याला टेबलावर झोपवले, दोन्ही टाचा हातात धरून पाय पंचेचाळीस अंशांत उचलून धरले. मिनिटभरात डावा पाय तळव्यापासून फिक्कट पडला, मेणासारखा. मग उठवून पाय खाली सोडायला लावले. उजवा काही सेकंदांत पूर्वीसारखा झाला. डाव्याला रंग यायला बराच वेळ लागला आणि आला तो गडद लाल. तिचे पाय असेच उचलले तेव्हा बाकीचा पाय थोडा उजळला, पण बोटांवरचे जांभळट चट्टे तिथेच राहिले. या तपासणीला उपकरण लागत नाही, दोन मिनिटे लागतात. डॉक्टरांच्या पुस्तकात तिला बर्गरची चाचणी म्हणतात. न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यांनी 1908 मध्ये तंबाखूशी निगडित ज्या आजाराचे वर्णन केले, तोच आजार या माणसाला होता, त्याकडे येतोच.

आधी नाडी. मनगटाची नाडी सगळ्यांना ठाऊक असते, पायाच्या दोन नाड्या मात्र फार थोडे लोक बघतात. एक पावलाच्या वर, अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या फटीपासून घोट्याकडे रेघ ओढली तर तिच्या मध्यावर. दुसरी आतल्या घोट्याच्या हाडामागे, हाड आणि टाच यांच्या मधल्या खळगीत. तीन बोटे हलकी ठेवायची. जोरात दाबले तर नाडी बुजते आणि आपल्याच बोटांचे ठोके लागतात. बाहेरून आलेल्या पेशंटचा पाय आधी दहा-पंधरा मिनिटे पांघरुणाखाली ठेवावा, कारण गारठलेल्या चांगल्या पायातही नाडी सापडत नाही. काही माणसांत पावलावरची नाडी जन्मतःच लागत नाही, म्हणून घोट्यामागची बघितल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. तिच्या दोन्ही पायांत चारही नाड्या भरलेल्या होत्या. त्याच्या डाव्या गुडघ्यामागची नाडी लागत होती, पण पावलावर आणि घोट्यामागे काहीच नाही.

मग मोजमाप केले. हातातल्या छोट्या डॉपलर यंत्राने दंडाचा वरचा रक्तदाब आणि घोट्याचा वरचा रक्तदाब घेतात आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागतात. निरोगी माणसात उत्तर एकच्या आसपास किंवा थोडे वर येते. 0.9 किंवा त्याहून कमी म्हणजे धमनीत अडथळा, आणि 0.4 च्या खाली गेले तर बोट-पाऊल धोक्यात. त्याचा दंडाचा दाब 124 होता. उजव्या घोट्याचा 114, म्हणजे 0.92, काठावर. डाव्याचा 56, म्हणजे 0.45. एक अपवाद पक्का लक्षात ठेवावा. जुन्या मधुमेहात धमनीच्या भिंतीत चुना साचून ती कडक होते, पट्टा कितीही आवळला तरी दबत नाही, आणि आकडा खोटाच 1.4 च्या वर जातो. तो आकडा बघून ‘रक्त भरपूर आहे’ असे म्हणून घरी पाठवलेली माणसे मी पाहिली आहेत. तिथे अंगठ्याचा दाब घ्यावा लागतो.

आता त्याला विचारायला हवे होते ते विचारले. गावातून वस्तीवर चालत जाताना काय होते? म्हणाला, तळव्यात आणि पोटरीत गोळा येतो, बाभळीपाशी थांबावे लागते, दोन-तीन मिनिटांत जातो, मग पुन्हा तेवढेच चालता येते. अंतर ठरलेले, थांबले की आराम, ही रक्त कमी पडण्याची खूण. दुखणे कधीपासून? दिवाळीच्याही आधीपासून, म्हणजे थंडी पडण्यापूर्वीच. विडी? सोळाव्या वर्षापासून, रोज एक बंडल. मागच्या वर्षी नडगीवर दोरीसारखी लाल, दुखरी शीर आली होती आणि गेली होती. चाळिशीच्या आतला माणूस, तंबाखू, तळव्यातला गोळा, येऊन गेलेली शिरेची सूज, आणि गुडघ्याखाली हरवलेल्या नाड्या. हा बर्गरचा आजार. चरबी साचून धमनी बुजण्याचा नेहमीचा आजार याहून वयस्कर माणसांत, मधुमेह आणि बीपीवाल्यांत दिसतो, हा मात्र तरण्याताठ्यांना गाठतो. त्याच्यावर खरे औषध एकच आहे, तंबाखू पूर्ण बंद करणे. विडी सोडून तंबाखू-चुना चालू ठेवला तर उपयोग नाही, रोजची एक विडीही आजार जागा ठेवते. ज्यांनी पूर्ण सोडली आणि ज्यांचे बोट तोवर सडू लागले नव्हते, त्यांचे पाय बहुधा वाचतात.

याच्या बोटाला उशीर झाला होता, आणि तो शेकामुळे वाढला होता. सहा आठवडे तो रोज रात्री शेकोटीला पाय लावून बसायचा. ऊब दिली की कातडीची रक्ताची गरज वाढते. चांगल्या पायात धमनी जास्त रक्त आणून ती भागवते, याच्या पायात आणायला रक्तच नव्हते. शिवाय रक्त कमी पडलेल्या बोटाची जाणीव बोथट होते, भाजलेले कळत नाही. त्याच्या बोटाच्या टोकाला रुपयाएवढा कोरडा काळा डाग होता, आणि कडेला भाजल्याचा फोड. ते बोट काढावे लागले. विडी सुटली, पाऊल राहिले.

तिला काय सांगितले? शेकोटी आणि गरम पाण्याची पिशवी तिलाही बंद, कारण एकदम दिलेली ऊबच तिची सूज वाढवते. पाय आधी कोरडे करायचे, बोटांच्या बेचक्यासकट, मग कोरडे लोकरीचे मोजे घालून आपसूक गरम होऊ द्यायचे. सुती मोजा ओला झाला की ओलाच राहतो आणि थंडी धरून ठेवतो, तो लगेच बदलायचा. खाजवायचे नाही, कातडी फुटली तर जखम होते. आणि पायापेक्षा आधी अंग झाका, हे मी दरवेळी सांगतो. छाती आणि डोके गारठले की मेंदू पायाच्या वाहिन्या आवळायला लावतो. मोजे घालून पण स्वेटर आणि कानटोपीविना हौदावर बसले तर पाय थंडच राहतात. दारे धरणाऱ्यांसाठीही हेच. गमबूट बरे, पण आत पाणी किंवा घाम साचू देऊ नये, आणि पिशवीत कोरडा पंचा आणि मोज्यांचा एक जोड सोबत असावा.

औषधांविषयी मला प्रामाणिकपणे सांगितलेच पाहिजे. निफेडिपीन नावाची रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी आम्ही बरीच वर्षे देत आलो, 1989 च्या एका छोट्या ब्रिटिश अभ्यासाच्या भरवशावर. 2016 मध्ये नेदरलँड्समध्ये अधिक काळजीपूर्वक केलेल्या तुलनेत तिचा खोट्या गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. म्हणून ती मी क्वचितच देतो, फार त्रास असेल तर, आणि बीपी बघून. स्टेरॉइडचे मलम खाजेला थोडे दिवस चालते. बीपीसाठी अटेनोलॉल किंवा अर्धशिशीसाठी प्रोप्रॅनोलॉल चालू असेल तर पाय जास्त गार पडू शकतात, ते डॉक्टरांना सांगावे, गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

पुस्तिकेत रेनोचाही भाग आहे. त्यात थंड पाणी लागताच बोट आधी पांढरेफटक, मग निळे, मग लाल होते आणि ऊब मिळाली की साधारण अर्ध्या तासात पूर्ववत होते. चिलब्लेन उशिरा येतो आणि दिवसेंदिवस राहतो, एवढा फरक पुरेसा आहे.

लेखकांनी एका गोष्टीवर माझ्या आग्रहाखातर पान वाढवले आहे. सगळ्या पुस्तकांत ‘लाल बोट’ लिहिलेले असते, कारण ती गोऱ्या कातडीवर बघून लिहिलेली आहेत. आपल्या सावळ्या पायावर लाली लाल दिसत नाही. ती काळपट, जांभळट, कधी नुसतीच चकाकी असते. म्हणून उजेडात दुसऱ्या पायाशेजारी ठेवून बघावे, आणि हाताचा मागचा भाग लावून कुठे गरम, कुठे गार लागते ते तपासावे. दाबून सोडल्यावर फिकटपणा दोन-तीन सेकंदांत भरून येतो का, हे अंगठ्याच्या तळव्याकडच्या भागावर बघावे, तिथली कातडी सगळ्यांचीच थोडी उजळ असते.

आणि काही वेळा थंडीने सुरू झालेले चिलब्लेन थंडीचे नसतात. बोटे मार्च-एप्रिलमध्येही तशीच राहिली, तोंड आले, केस गळू लागले, उन्हात गालावर चट्टे उठले किंवा सांधे धरले, तर ल्युपससाठी रक्त तपासावे. तरुण मुलींत हे विसरून चालत नाही. एकच बोट एका रात्रीत अचानक निळे पडले, तर नाड्या लागत असल्या तरी मोठ्या धमनीतून सुटलेली बारीक गुठळी बोटात अडकलेली असू शकते, तेव्हा तीच रात्र जिल्ह्याच्या ठिकाणी काढावी. मधुमेहाच्या माणसाचे कोणतेही सुजलेले, रंग बदललेले बोट त्याच दिवशी दाखवावे. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथे सर्जरीच्या ओपीडीत जाताना ‘थंडीनं सुजलं’ एवढेच सांगू नये. किती चालल्यावर गोळा येतो, रात्री पाय कुठे ठेवता, तंबाखू किती, हे तीन मुद्दे कागदावर लिहून न्यावेत. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर त्यासाठी जागा कोरी सोडली आहे.

ती मुलगी पुढच्या डिसेंबरात पुन्हा आली, सासूला घेऊन. तिच्या उजव्या करंगळीवर एकच चट्टा होता. सासू म्हणाली, आता मी तिला आंघोळीच्या बंबातलं कोमट पाणी देते भांड्यांना, पण परवा बंब बिघडला होता. मी करंगळी बघितली, घोट्यामागची नाडी बघितली, आणि दोघींना परत पाठवले. सासू दारातून मागे वळली आणि स्वतःचा पाय पुढे करून म्हणाली, “माझी पण बघा की एकदा, मला शुगर आहे.”